पीएफएनच्या लॅटरलला कुठं उभं राहायचं?

प्रश्न: सर, आमचं तालुक्याच्या ठिकाणी ३० बेडचं हॉस्पिटल आहे, खुब्याजवळ मोडलेल्या मांडीच्या हाडात खिळा घालायच्या पीएफएन आठवड्याला चार तरी होतातच. सी-आर्मवर लॅटरल, म्हणजे बाजूनं एक्सरे, घेताना कोणी कुठं उभं राहायचं यावर रोज वाद होतो. टेक्निशियन म्हणतो अ‍ॅप्रन घातला की कुठंही उभं राहा, काही होत नाही. अ‍ॅप्रन चार आहेत, थायरॉइड शिल्ड दोनच. आमच्या एका सिस्टरला चौथा महिना लागलाय, ती घाबरलीय. नेमकं काय करायचं?

उत्तर:

डॉक्टर, पुढच्या केसला लॅटरल लावली की शॉट मारायच्या आधी एक गोष्ट बघा, ट्यूब कोणत्या बाजूला आली. मोठा गोल डबा म्हणजे आय-आय, आणि त्याच्या समोरचं छोटं निमुळतं तोंड ती ट्यूब. ती ट्यूब तुमच्या पोटासमोर, म्हणजे ऑपरेशनच्याच बाजूला आली असेल, तर तुमच्या वादाचं मूळ तिथंच आहे. तालुक्याच्या ओटींमध्ये मी बहुतेक ठिकाणी हेच पाहिलंय आणि माझ्याकडंही सुरुवातीची सहा-सात वर्षं असंच चालू होतं.

आपल्या अंगावर येणारे किरण थेट ट्यूबमधून येत नाहीत, ते पेशंटच्या अंगावरून उडून येतात, हे आपण सगळे शिकलोय पण ओटीत विसरतो. ट्यूबमधून निघालेला बीम मांडीत शिरतो आणि शिरतो त्याच बाजूला सगळ्यात जास्त मार बसतो, कारण तिथं बीम ताजा असतो. पलीकडं बाहेर पडेपर्यंत त्यातलं बहुतेक मांसात आणि हाडात जिरून गेलेलं असतं. त्यामुळं उडणारे किरण ज्या बाजूनं बीम शिरला त्याच बाजूला परत जास्त उडतात, आणि आय-आयच्या बाजूला त्यामानानं कमी, वर तो आय-आयचा डबा स्वतःही थोडी आडोशाची कामगिरी करतो. म्हणून एपीमध्ये, म्हणजे समोरून चित्र घेताना, ट्यूब टेबलाखाली पायजे. तेव्हा जास्तीचा मारा आपल्या पायांकडं जातो आणि तोंड-डोळे त्यातल्या त्यात वाचतात. पण लॅटरलला आर्क फिरला की खालची ती बाजू आडवी होते, आणि ज्याच्याकडं ट्यूब त्याच्या छाती-तोंडाकडं सगळा मारा येतो.

मला हे खरं पटलं ते एका क्यूएच्या दिवशी. मशीन तपासायला आलेल्या माणसाजवळ सर्व्हे मीटर होता, त्याला म्हटलं थांबा जरा, आणि टेबलावर कमरेच्या जागी पाण्यानं भरलेली प्लास्टिकची कॅन ठेवली, मांडीच्या जागी पाणी चालतं, किरण जवळपास तसेच उडतात. लॅटरल लावली. मीटर आधी माझ्या नेहमीच्या जागेवर धरला, म्हणजे ट्यूबच्या बाजूला छातीच्या उंचीला, आणि मग तेवढ्याच अंतरावर आय-आयच्या बाजूला. दोन्ही आकड्यांमध्ये जवळपास चौपट फरक होता. मग तो माणूस मीटर हातात घेऊन मागं मागं सरकत भिंतीपर्यंत गेला आणि आकडा घसरत घसरत अगदी खाली आला. आमची स्क्रब सिस्टर बाजूलाच उभी होती, ती एवढंच म्हणाली, "सर, म्हणजे मी इतकी वर्षं सगळ्यात वाईट जागेवर उभी होती का?" हो, होती. माझ्या डाव्या खांद्याला खेटून, ट्यूबच्या तोंडाशी.

आता टेक्निशियनच्या म्हणण्याचं बघू. तो अर्धा बरोबर आहे. ०.५ मिमी लेडचा चांगला अ‍ॅप्रन उडालेल्या किरणांपैकी शंभरातले पंच्याण्णव किंवा त्याहून जास्त अडवतो. पण अ‍ॅप्रन जेवढं झाकतो तेवढ्यापुरतंच ते खरं. डोळे उघडे, डोकं उघडं, हात उघडे, शिल्ड नसेल तर गळा उघडा, आणि बगलेतून जी फट राहते ती तर कोणी बघतच नाही. डोळ्यांचं मी मुद्दाम सांगतो, कारण आयसीआरपी या किरणसुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय आयोगानं २०११ साली डोळ्याच्या लेन्सची मर्यादा वर्षाला १५० मिलीसीव्हर्टवरून एकदम २० वर आणली, पाच वर्षांच्या सरासरीनं. मोतीबिंदू आधी वाटत होतं त्यापेक्षा खूप कमी डोसला होऊ शकतो हे लक्षात आलं म्हणून.

तुमच्याच आकड्यांवर हिशेब करून बघू. आठवड्याला चार म्हणजे वर्षाला २०० पीएफएन धरा. एका केसमध्ये लॅटरलचा एकूण वेळ अर्धा मिनिट धरा, आणि पेशंटच्या कातडीवर लॅटरलला मिनिटाला २० मिलीग्रे पडतात असं हिशेबापुरतं धरा, जाड पेशंट किंवा जुनं मशीन असेल तर जास्त पडतील. म्हणजे केसमागं १० मिलीग्रे. ढोबळ नियम असा की पेशंटच्या कातडीवर जेवढं पडतं त्याचा साधारण हजारावा भाग बाजूला एक मीटरवर पोचतो. म्हणजे एक मीटरवर १० मायक्रोग्रे. अंतर निम्मं केलं की चौपट होतं, म्हणून अर्ध्या मीटरवर, जिथं गाइडवायर धरलेल्या सर्जनचं तोंड असतं, तिथं ४० मायक्रोग्रे. गुणिले २००, वर्षाला ८ मिलीग्रे. एक्सरेसाठी ग्रे आणि सीव्हर्ट सारखेच धरले तर हे ८ मिलीसीव्हर्ट उघड्या डोळ्याला. आणि उभे ट्यूबच्या बाजूला असाल तर हे तिप्पट धरा, २४ झाले, मर्यादेच्या वर. तोच सर्जन शॉटच्या वेळी मागं दोन मीटरवर गेला तर एका केसला अडीच मायक्रोग्रे, वर्षाला अर्धा मिलीग्रे. अ‍ॅप्रन तोच आणि मशीनही तेच, फक्त तीन पावलं मागं. यात एपी धरलेलीच नाही, आणि दिवसभरातले बाकीचे टिबिया, फोरआर्म, सुप्राकॉन्डायलर पण नाहीत.

आता ट्यूब तुमच्याकडं येतेच कशी? बहुतेक ठिकाणी मशीन चांगल्या पायाच्या बाजूनं आत घेतात, कारण तिकडं जागा असते आणि सर्जन-सिस्टर इकडं असतात. एपीला ट्यूब खाली, आय-आय वर. लॅटरल म्हटलं की टेक्निशियन आर्क सरकवतो, आणि आर्क पूर्ण ९० डिग्री सरकतो तो एकाच दिशेला, दुसऱ्या दिशेला थोडासाच जातो. त्या पूर्ण दिशेनं सरकवला की आर्कची पाठ टेबलाखाली जाते आणि खालची ट्यूब वर येते ती बरोबर ऑपरेशनच्या बाजूला. टेक्निशियनची यात काही चूक नाही, मशीन जिकडं सहज फिरतं तिकडं तो फिरवणारच.

याला माझा उपाय असा आहे. मशीन पायांकडून, दोन पायांच्या मधून आत घ्या. चांगला पाय फ्रॅक्चर टेबलवर बाहेरच्या बाजूला चांगला फाकवून किंवा वर उचलून स्टँडमध्ये ठेवा. असं आत आलेलं मशीन आर्क सरकवून नाही, तर पूर्ण आर्क आडव्या आसावर फिरवून लॅटरलला येतं, आणि ते दोन्हीकडं फिरतं. मग ट्यूब चांगल्या पायाच्या बाजूला, मधल्या जागेत जाईल आणि आय-आय तुमच्या बाजूला येईल अशी दिशा तुम्ही ठरवू शकता. आय-आय कातडीच्या जितका जवळ नेता येईल तितका न्या आणि ट्यूब जितकी लांब ठेवता येईल तितकी ठेवा, त्यानं चित्रही स्वच्छ येतं आणि डोसही कमी लागतो. ट्यूब कातडीला चिकटली तर तेवढ्याच जागेवर डोस एकवटतो आणि हाड उगाच मोठं दिसतं.

चांगला पाय नीट बाजूला नसेल तर बीम दोन मांड्यांतून जातो, आणि मग ऑटो ब्राइटनेस आपोआप केव्ही आणि एमए चढवत राहतं. तीन-चार सेंटीमीटर मांस वाढलं की चित्र तेवढंच उजळ ठेवायला मशीनला जवळपास दुप्पट मारा करावा लागतो, म्हणजे दुसरी मांडी मधे आली तर किती होईल ते तुम्हीच बघा. लॅटरल धुरकट येतेय आणि मॉनिटरवर केव्ही नेहमीपेक्षा बरंच वर गेलंय असं दिसलं की शॉटवर शॉट मारत बसू नका, आधी दुसरा पाय बघा.

या मांडणीला मर्यादा आहेत, त्याही सांगतो. आय-आय तुमच्या बाजूला आला की तो जिगच्या हँडलला अडतो, विशेषतः पेशंट जाड असेल आणि मांडी आखूड असेल तर. रीमिंगच्या वेळी मशीन थोडं मागं ओढावंच लागतं. आय-आयला स्टराइल कव्हर नीट बांधलेलं पायजे, कारण तो आता जखमेच्या जवळ आहे. आणि बीम जांघेकडून शिरतो, म्हणून तरुण पेशंट असेल तर कोलिमेटर घट्ट लावून फक्त मान आणि ट्रोकँटर दिसेल एवढंच उघडा. सत्तरीच्या आजोबांच्या बाबतीत मी त्याची फार चिंता करत नाही, पण पंचविशीच्या पोराला सबट्रोक असेल तर करतो. कधी कधी टेबलच असं असतं की मशीन मधून जातच नाही. मग ट्यूब तुमच्या बाजूला राहू द्या, पण त्या केसमध्ये एकही लॅटरल कोणी जवळ उभं असताना मारायची नाही, सगळे मागं.

एक केस पूर्ण सांगतो म्हणजे कोण कुठं ते कळेल. मागच्या कापूस वेचणीच्या दिवसातली, साधारण सत्तरीचे काका, बैलबंडीवरून उतरताना पडले, इंटरट्रोक, थोडं कमिन्यूशन. स्पायनल दिलं, फ्रॅक्चर टेबलवर घेतलं. रिडक्शन मी स्क्रब व्हायच्या आधी करतो, आणि ते पूर्ण जमेपर्यंत ड्रेप टाकतच नाही. यात सगळ्यात दुर्लक्षित माणूस म्हणजे ट्रॅक्शनचं हँडल फिरवणारा आमचा वॉर्डबॉय, आम्ही त्याला मामा म्हणतो. तो पायाशी असतो, मशीनच्या अगदी जवळ, आणि बऱ्याच ठिकाणी त्याच्या अंगावर अ‍ॅप्रनच नसतो. मामांना मी पहिल्यांदा अ‍ॅप्रन दिला तर ते म्हणाले, "मले काही होत नाई साहेब, पंधरा वर्षापासून फिरवतो मी हे." त्यांना मी एवढंच सांगितलं की फिरवताना शॉट नाही आणि शॉट असताना फिरवायचं नाही. फिरवायचं, हात काढायचा, मागं यायचं, मग शॉट. आता मामा हात काढून मागं येऊन "हूं" म्हणतात, तेव्हाच टेक्निशियन बटण दाबतो. फिरवता फिरवता लाइव्ह बघायचा मोह सगळ्यांना होतो, तो टाळायचा. रिडक्शनला आठ-दहा वेगवेगळे शॉट लागले तरी ते सलग दहा-पंधरा सेकंद लाइव्ह ठेवण्यापेक्षा कमी डोस देतात. शेवटचं चित्र स्क्रीनवर तसंच थांबून राहतं, ते बघून विचार करायचा, पायाखालचं पेडल दाबून नाही.

रिडक्शन जमलं की एपी आणि लॅटरलची जागा पक्की करायची. लॅटरल म्हणजे अगदी आडवी नाही, मानेचं अँटेव्हर्जन १०-१५ डिग्री असतं तेवढा आर्क तिरपा ठेवावा लागतो, आणि बीम मानेला काटकोनात यायला मशीन मांडीशी तिरपं यावं लागतं. हे एकदा जमलं की आर्कवरच्या पट्टीवरचा आकडा टेक्निशियन कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवतो, आणि फरशीवर चाकांच्या जागी इलेक्ट्रिकची रंगीत टेप लावतो, एपीला लाल, लॅटरलला पिवळी. मायक्रोपोर लावू नका, फिनेलच्या पोछ्यात निघून जातं. या टेपेनं आमचे शॉट जेवढे कमी झाले तेवढे दुसऱ्या कशानंच झाले नाहीत, कारण आधी प्रत्येक वेळी मशीन परत आणलं की "थोडं वर, थोडं डोक्याकडं, अजून थोडं" असं म्हणत चार-पाच शॉट फक्त जागा शोधण्यातच जायचे. मशीनला लेझर असेल तर तो वापरा, नसेल तर ड्रेपच्या आधी ट्रोकँटरवर मार्करनं खूण करून ठेवा.

आता स्क्रब झालो. काकांची उजवी बाजू, मी उजवीकडं, सिस्टर माझ्या मागं डोक्याच्या बाजूला, आय-आय लॅटरलला आमच्या बाजूला. एंट्रीला गाइडवायर लावताना मी ती हातात धरून शॉट मागत नाही. लांब कोकरनं पकडतो किंवा ड्रिलमध्ये लावून थोडी आत बसवून हात काढतो, मग शॉट. थेट बीममध्ये आलेल्या हाताला जे बसतं ते उडालेल्या किरणांच्या कितीतरी पट असतं, मॉनिटरवर स्वतःची बोटं दिसली की समजा त्या क्षणी तुम्ही पेशंटच्या जागी आहात. लेडचे ग्लोव्ह घालून हात बीममध्ये नेऊ नका, मशीनला लेड दिसलं की ते डोस चढवतं आणि ग्लोव्हचा फायदा तिथंच संपतो. काकांच्या केसमध्ये एंट्रीला तीन एपी, एक लॅटरल. लॅग स्क्रूच्या गाइडवायरला दोन एपी, तीन लॅटरल. प्रत्येक लॅटरलला मी "बाजूला" म्हणतो, हात काढतो, मी आणि सिस्टर डोक्याकडं आणि मागं सरकतो, आय-आय आमच्या आणि मांडीच्या मधे येईल असं, आणि मग "शॉट". तो शब्द आल्याशिवाय बटण नाही. सुरुवातीला चिडचिड होते, महिन्याभरात सवय होते, वेळ फार जात नाही.

सिस्टरबद्दल अजून एक. तुमचे अ‍ॅप्रन पुढून बंद आणि मागून उघडे असतील, तर ती ट्रॉलीकडं वळून वायर उचलत असताना शॉट मारला की पाठ पूर्ण उघडी. म्हणून शॉटच्या आधी तिचं तोंड पेशंटकडं आहे का ते बघायचं. पुढचे अ‍ॅप्रन घेताना दोन तुकड्यांचे, मागं गुंडाळणारे, स्कर्ट आणि जॅकेट असे घ्या. खांद्यावरचं अर्धं वजन कमरेवर जातं, आणि मे महिन्यात जनरेटरवर एसी धड चालत नाही तेव्हा हा फरक अंगाला कळतो. बायकांसाठी जॅकेटची बगल घट्ट पायजे, हात वर करून तिरपं उभं राहिलं की उघड्या बगलेतून स्तनाच्या बाहेरच्या भागावर मारा जातो, ढिल्या मोठ्या अ‍ॅप्रनमध्ये ही फट जास्त असते.

अनेस्थेटिस्टला आपल्याकडं सगळे विसरतात. आमच्या भागात एकच भूलतज्ज्ञ दिवसात तीन-चार हॉस्पिटलं करतो, म्हणजे माझ्या ओटीतला त्याचा डोस म्हणजे त्याच्या दिवसाचा एक तुकडाच. तो डोक्याशी बसलेला असतो, एक मीटरवर. त्याच्यासाठी चाकांवरची एक लेडची आडोशाची पाटी घ्या, तो तिच्या मागं खुर्ची टाकून मॉनिटर बघू शकतो. आणि त्याच्याजवळ डोस मोजायचा त्याचा स्वतःचा बॅज पायजे, नुसता तुमच्या हॉस्पिटलच्या नावावरचा नाही.

दोनच थायरॉइड शिल्ड आहेत तर आजच्या घडीला एक सर्जनला आणि एक स्क्रब सिस्टरला, कारण दोघंच एक मीटरच्या आत असतात. टेक्निशियनला स्विचची दोरी पूर्ण ताणून लांब उभं करा, दोन मीटर मिळतात. पण आणखी दोन शिल्ड मागवा, अ‍ॅप्रनच्या तुलनेत ते फार स्वस्त असतात. त्यानंतर पैसे हाताशी आले की सर्जनला बाजूनंही झाकणारा लेडचा चष्मा. हा क्रम माझा आहे, कोणी चष्मा आधी म्हणेल, पण मागं सरकायची सवय लागली की डोळ्याचा डोस तसाही खूप कमी होतो.

अ‍ॅप्रन घडी करून कपाटात टाकत असाल तर ते आधी बंद करा. घडीच्या जागी आतला लेडचा थर तडकतो आणि बाहेरून कापड तसंच नवं दिसतं. जाड रॉडवर आडवे टाका किंवा रुंद हँगरला लावा. वर्षातून एकदा टेबलावर पसरून सी-आर्मखालीच बघा, पण ऑटो बंद करून मॅन्युअलवर, कमी केव्हीला, नाहीतर मशीन लेडमधून बघायचा प्रयत्न करत सगळा जोर लावतं. तडा असेल तर काळ्या अ‍ॅप्रनमध्ये उजळ रेघ दिसते. आमच्या एका अ‍ॅप्रनला बरोबर कमरेच्या घडीत वीतभर रेघ निघाली होती, आणि तोच अ‍ॅप्रन हलका वाटतो म्हणून सगळ्यांच्या आवडीचा होता.

बॅजबद्दल दोन चुका मी स्वतः पाहिल्या आहेत. मी आधी ज्या एका हॉस्पिटलात जायचो तिथं सगळ्यांचे टीएलडी बॅज अ‍ॅप्रनलाच कायम लावलेले असायचे, आणि अ‍ॅप्रन ओटीतच सी-आर्मच्या कोपऱ्यात टांगलेले. एका तिमाहीला एका सिस्टरचं रीडिंग फार आलं, ती तर त्या महिन्यांत बाळंतपणाच्या रजेवर होती. बॅज माणसाशिवाय किरण खात होता. दुसरीकडं उलटं, बॅज मॅट्रनच्या ड्रॉवरमध्ये कुलपात, तीन महिने झाले की तसेच परत, सगळ्यांचं रीडिंग शून्य आणि सगळे खूश. बॅज छातीवर, अ‍ॅप्रनच्या आतून लावायचा, काम झालं की काढून कंट्रोल बॅजसोबत ओटीपासून लांब ठेवायचा. तेव्हाच त्या तिमाही आकड्याला काही अर्थ राहतो.

त्याच हॉस्पिटलात एकदा ट्यूब पाच मिनिटं चालली की वाजतो तो बझर वाजला तेव्हा आम्ही कोणीच शॉट घेत नव्हतो. पेडल ड्रेपखाली गेलं होतं आणि डायथर्मीच्या ट्रॉलीचं चाक त्यावर बसलं होतं. किती वेळ ट्यूब चालू होती ते मशीनवर लिहिलेलंच होतं. बझर वाजला की सवयीनं रिसेट दाबू नका, आधी खाली बघा. मला स्वतःला पेडलपेक्षा टेक्निशियनच्या हातातला स्विच जास्त पसंत आहे, आणि पेडल असलंच तर काम नसताना ते मशीनच्या हुकला अडकवलेलं पायजे.

आता तुमच्या सिस्टरचं. तिला आधी हे सांगा की सांगितलं ते बरं केलं, कारण आपल्याकडं काम जाईल म्हणून पाचवा-सहावा महिना लपवलेला मी पाहिलाय. कळवल्यानंतर उरलेल्या गरोदरपणात पोटातल्या बाळाला १ मिलीसीव्हर्टपेक्षा जास्त मिळू नये हा नियम. वरच्याच हिशेबानं, ती दोन मीटरवर असेल तर लॅटरलचे केसमागं अडीच मायक्रोग्रे अ‍ॅप्रनच्या बाहेर, आणि ०.५ मिमीच्या अ‍ॅप्रनच्या आत त्याचा विसावा भाग, म्हणजे ०.१२५. शंभर केसला १२-१३ मायक्रोग्रे, मर्यादा १००० मायक्रोची. एपी आणि बाकीच्या केसेस धरून हे तिप्पट-चौपट केलं तरी मर्यादेपासून खूप लांब. हे तिला कागदावर मांडून दाखवा, तिची भीती आकड्यानं जास्त कमी होईल. पण तरी मी तिला स्क्रबला उभी करणार नाही. सर्क्युलेटिंगला द्या, शॉटला दाराबाहेर जाता येईल अशी जागा द्या, किंवा त्या पाच महिन्यांपुरतं प्लास्टर रूम, वॉर्ड. अ‍ॅप्रन पोटावर नीट मिटतोय का ते दर महिन्याला बघा, पोट वाढलं की वेल्क्रो पुरत नाही आणि बाजूला फट पडते. आणि पगारातून किंवा ड्युटीतून काही कापायचं नाही, नाहीतर पुढची सिस्टर सांगणारच नाही.

टेक्निशियनशी वाद घालू नका. एखाद्या दुपारी ओटी रिकामी असताना त्याला सोबत घेऊन टेबल लावा, पाण्याची कॅन ठेवा, मशीन दोन्ही बाजूंनी आत नेऊन बघा, ट्यूब कुठं येते, जिगचं हँडल कुठं अडतं, चांगला पाय किती फाकवावा लागतो. तेव्हाच फरशीवर टेप लावून घ्या. आणि पुढचे तीन महिने रजिस्टरमध्ये प्रत्येक पीएफएनसमोर मशीनवरचा एकूण वेळ आणि लॅटरल किती ते लिहायला सांगा. माझ्याकडं सुरुवातीला सव्वा-दीड मिनिट यायचं, आता साध्या इंटरट्रोकला ४०-५० सेकंदात होतं. काकांच्या केसला ४६ लागले होते.